दुष्काळाची खूण रक्तात कशी वाचतात? बायसल्फाइट क्रमवाचनाची पद्धत आणि तिचे अन्वयार्थ

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, म्हणजे १९४४-४५ मध्ये, नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई निर्माण झाली. सप्टेंबर १९४४ मधील रेल्वे संपानंतर जर्मन सैन्याने त्या भागाचा अन्नपुरवठा रोखला आणि शिधापत्रिकेवर मिळणारे अन्न दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली घसरले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाल्यावर ही टंचाई संपली. तिचा आरंभ आणि शेवट ठाऊक असल्यामुळे, कोणते मूल आईच्या पोटात असताना कोणत्या महिन्यांत उपासमार होती, हे जन्मतारखेवरून सांगता येते. त्या वेळी गर्भात असलेल्या व्यक्तींचे रक्त सुमारे सहा दशकांनंतर तपासण्यात आले. तुलनेसाठी त्यांच्याच भावाबहिणींचे रक्त घेतले गेले. दुष्काळाच्या आधी किंवा नंतर जन्मलेले आणि त्याच लिंगाचे भावंड निवडण्यात आले होते.

लायडन विद्यापीठाचे बास हाइमन्स, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे एल. एच. लुमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार सोसलेल्या ६० व्यक्तींमध्ये, गर्भाच्या वाढीशी निगडित अशा 'आयजीएफ-२' या जनुकाजवळच्या पाच ठिकाणी मिथिलीकरण सरासरी ४८.८ टक्के आढळले. त्यांच्या भावंडांमध्ये ते ५१.५ टक्के होते. गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात उपासमार झालेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही.

फरक जेमतेम पावणेतीन टक्क्यांचा आहे. एवढ्याशा अंतरावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, आणि तो खरा असला तरी त्यावरून नेमके काय म्हणता येते, हे समजण्यासाठी मोजमापाची पद्धत मुळापासून पाहावी लागेल.

सायटोसिनवरील खूण

डीएनएची लिपी ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांची. यांतील सी म्हणजे सायटोसिन. त्याच्या लगेच पुढे जी म्हणजे ग्वानिन आले, तर त्या जोडीला सीपीजी म्हणतात. मधला 'पी' हा दोघांना सांधणाऱ्या फॉस्फेटचा निदर्शक आहे. मानवी जनुकसंचात अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. त्यांतील अनेक सायटोसिनांवर पेशी मिथिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट चढवते. त्यामुळे अक्षर बदलत नाही. परंतु जनुकाच्या आरंभीच्या भागात अशा खुणा दाट असल्या, तर ते जनुक बहुधा निष्क्रिय राहते. पेशी विभागली की खुणांची नक्कलही नव्या पेशीत उतरवली जाते. म्हणूनच अनेक दशकांपूर्वीच्या घटनेचा माग आजच्या रक्तात सापडण्याची शक्यता निर्माण होते.

अडचण अशी की क्रमवाचनाच्या नेहमीच्या तंत्राला मिथिल गट दिसत नाही. प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती काढताना ही खूण पुसली जाते, कारण प्रती काढणाऱ्या विकराला केवळ अक्षर कळते. यावर ऑस्ट्रेलियातील मारियान फ्रॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जो उपाय मांडला, तो आजही या क्षेत्राचा पाया आहे. न दिसणाऱ्या खुणेचे रूपांतर त्यांनी अक्षरातील फरकात केले.

रसायनाने घडवलेला बदल

डीएनएचे दोन धागे उष्णतेने किंवा अल्कलीने विलग करून ते सोडियम बायसल्फाइटच्या आम्ल द्रावणात ठेवले, तर साध्या सायटोसिनचा अमिनो गट निघून जातो आणि त्याचे युरॅसिल बनते. मिथिल गट असलेला सायटोसिन मात्र या क्रियेला फारच मंद प्रतिसाद देतो, म्हणून तो तसाच राहतो. पुढे प्रती काढताना युरॅसिलच्या जागी टी हे अक्षर येते. परिणामी वाचनात जिथे सी उरला तिथे खूण होती आणि जिथे टी आला तिथे ती नव्हती, असा अर्थ लावता येतो. पुढील दहा अक्षरांत दोन सीपीजी जोड्या आहेत. पहिलीवर खूण आहे, दुसरीवर नाही:

```
मूळ क्रम            : ACGTCCACGT
प्रक्रियेनंतरचे वाचन : ACGTTTATGT
```

मधले दोन सायटोसिन सीपीजीचा भाग नाहीत. मानवी रक्तपेशींत अशा जागी सहसा खूण नसते, म्हणून तेही टी झाले. ही बाब पुढे फार उपयोगी पडते.

या रसायनाची किंमतही मोजावी लागते. आम्ल आणि उष्णता यांमुळे डीएनएचे बरेच तुकडे होतात आणि त्याचा मोठा भाग वाया जातो. नमुना अपुरा असेल, तर शिल्लक राहिलेल्या थोड्याच रेणूंच्या भरमसाट प्रती निघतात आणि वाचनांची संख्या मोठी दिसली तरी तिच्यातील माहिती तुटपुंजी असते. शिवाय बहुतेक सी अक्षरांचे टी झाल्यामुळे लिपी जणू तीन अक्षरांवर येते आणि एखादा तुकडा जनुकसंचात नेमका कुठला, हे ओळखणे अवघड बनते. त्यासाठी २०११ मध्ये आलेल्या 'बिस्मार्क'सारख्या खास संगणकप्रणाली वापरल्या जातात. त्या तुलनेपुरते संदर्भक्रमातील सी अक्षरेही टी मानतात आणि तुकड्याची जागा निश्चित झाल्यावर मूळ अक्षरांकडे परत जातात.

रूपांतर पुरे झाले का?

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. एखाद्या साध्या सायटोसिनाचे रूपांतर राहून गेले, तर तो वाचनात सी म्हणूनच दिसतो आणि नसलेली खूण असल्याचा भास होतो. हे तपासण्यासाठी नमुन्यात लॅम्डा या जिवाणूभक्षी विषाणूचा, मिथिलीकरण नसलेला थोडा डीएनए मिसळतात. त्याचा ४८,५०२ अक्षरांचा संपूर्ण क्रम ठाऊक आहे. तेथील प्रत्येक सी टी व्हायला हवा. हजारांत पाच सी उरले, तर रूपांतर ९९.५ टक्के झाले असे मानतात. चांगल्या प्रयोगात हे प्रमाण ९९ टक्क्यांच्या वरच असावे लागते.

मात्र या पाहुण्या डीएनएने दिलेली ग्वाही सरासरीची असते. सी आणि जी यांची गर्दी असलेल्या भागात दोन धागे नीट विलग झाले नाहीत, तर तेवढ्याच भागात रसायन पोहोचत नाही. याचा माग वर उल्लेखिलेल्या बिगर-सीपीजी सायटोसिनांवरून लागतो. एखाद्या तुकड्यात तेही एकजात सी म्हणूनच उरले असतील, तर तो तुकडा रूपांतरित झालेलाच नाही असे समजून वगळणे उचित ठरते. उलट प्रक्रिया अति झाली, तर खूण असलेले सायटोसिनही हळूहळू बदलू लागतात आणि मिथिलीकरण प्रत्यक्षाहून कमी दिसते. हा दोष लॅम्डामध्ये उमटत नाही. त्यासाठी पूर्णतः मिथिलीकृत केलेला दुसरा नियंत्रक डीएनए लागतो.

दोन गटांच्या तुलनेत या बारकाव्यांना वेगळेच महत्त्व येते. समजा, दुष्काळग्रस्तांचे सर्व नमुने एका दिवशी आणि भावंडांचे सर्व नमुने दुसऱ्या दिवशी प्रक्रियेत टाकले. पहिल्या दिवशी रूपांतर ९९.५ टक्के झाले आणि दुसऱ्या दिवशी ९८ टक्के. मग ज्या भागात मुळात खुणाच नाहीत, तिथेही दोन गटांत दीड टक्क्याचा फरक दिसेल, आणि तो हजारो ठिकाणी एकाच दिशेने दिसेल. पावणेतीन टक्क्यांच्या शोधात निघालेल्यांना हा दीड टक्का परवडणारा नाही. म्हणून प्रत्येक भावंडजोडीचे नमुने एकाच वेळी, एकाच तबकात शेजारी ठेवतात. नंतर कितीही गणित केले तरी ही व्यवस्था आधी चुकली असेल, तर ती दुरुस्त होत नाही.

टक्केवारी म्हणजे काय?

एका पेशीतील एका गुणसूत्रावरच्या एका जागी खूण असते किंवा नसते. ४८.८ टक्के ही संख्या लाखो पेशींतील प्रतींची सरासरी आहे. प्रयोगात ती अशी मिळते: एखाद्या जागेवरून २० तुकडे वाचले गेले आणि त्यांतील १२ मध्ये सी, आठांमध्ये टी आला, तर मिथिलीकरण ६० टक्के. परंतु केवळ २० तुकड्यांच्या नमुन्यात योगायोगानेच सुमारे ११ टक्क्यांची प्रमाणत्रुटी असते. पाचच तुकडे असतील, तर उत्तर २० टक्क्यांच्या पायऱ्यांनीच पुढे-मागे सरकू शकते. एका व्यक्तीच्या एका जागेच्या वाचनावरून पावणेतीन टक्क्यांबद्दल बोलणेच शक्य नाही, हे यावरून ध्यानात येईल. २००८ च्या अभ्यासात आयजीएफ-२ च्या मोजक्या जागांचे मापन बायसल्फाइट प्रक्रियेनंतर वस्तुमान वर्णपटाच्या तंत्राने केले होते.

त्याच दुष्काळाचा धागा पुढे नेत २०१४ मध्ये एल्मार टोबी, हाइमन्स, लुमे आणि सहकाऱ्यांनी २४ भावंडजोड्यांवर क्रमवाचनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. संपूर्ण जनुकसंच पुरेशा खोलीने वाचणे महाग असल्याने त्यांनी संक्षिप्त पद्धत वापरली. या पद्धतीत एमएसपी-१ या विकराने डीएनए जिथे सीसीजीजी हा क्रम येतो तिथेच कापतात आणि लहान तुकडे निवडतात. त्यामुळे सीपीजी दाट असलेले प्रदेश आपोआप वेचले जातात. यातही एक खाचखळगा आहे. कापलेली टोके बुजवताना प्रयोगशाळेतील साधा, बिनखुणेचा सायटोसिन भरला जातो. ती अक्षरे व्यक्तीची नसून रसायनाच्या बाटलीतली असतात. ती छाटली नाहीत, तर तुकड्याच्या टोकाशी मिथिलीकरण एकाएकी कोसळलेले दिसते. तुकड्यातील स्थानानुसार सरासरीचा आलेख काढला, की हा दोष पाहताक्षणी कळतो.

तीन विरुद्ध तीन: एक उदाहरण

आता तुलनेकडे वळू. पुढील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. एका जागी प्रत्येक व्यक्तीचे १०० तुकडे वाचले. पहिल्या गटातील तिघांत सी उरलेले तुकडे ८४, ८२ आणि ४१ आहेत, दुसऱ्या गटातील तिघांत ८२, ८४ आणि ८६. सर्व तुकड्यांची एकत्र बेरीज केली, तर पहिल्या गटात ३०० पैकी २०७, म्हणजे ६९ टक्के, आणि दुसऱ्यात ३०० पैकी २५२, म्हणजे ८४ टक्के. पंधरा टक्क्यांचे अंतर! सहाशे तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून सांख्यिकी चाचणी घेतली, तर असा फरक योगायोगाने येण्याची शक्यता लाखात दोनच्या आसपास निघते.

परंतु आपण सहाशे व्यक्ती पाहिलेल्या नाहीत. पाहिल्या आहेत सहाच. व्यक्ती हे एकक धरून साधी टी-चाचणी केली, तर फरक आणि त्याची प्रमाणत्रुटी यांचे गुणोत्तर जेमतेम १.१ येते, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सगळे अंतर एकाच व्यक्तीमुळे पडले आहे. व्यक्तींमधील नैसर्गिक तफावत विसरून तुकडे मोजत बसणे ही या क्षेत्रातील फार जुनी आणि अजूनही न गेलेली खोड आहे. म्हणूनच आजच्या प्रणाली बीटा-द्विपद नावाचे प्रतिमान वापरतात. त्यात तुकडे मोजण्यातील योगायोग आणि व्यक्तींमधील तफावत या दोहोंना स्वतंत्र स्थान असते.

मग त्या तिसऱ्या व्यक्तीचे काय? ४१ ही संख्या ८२ च्या बरोबर निम्मी आहे, आणि अशा निम्मेपणाकडे संशयानेच पाहावे. या व्यक्तीच्या दोन गुणसूत्रांपैकी एकावर त्या जागी जन्मतःच सी ऐवजी टी असू शकतो. बायसल्फाइटने घडवलेला टी आणि वारशाने आलेला टी वाचनात सारखेच दिसतात. निवाडा करतो तो समोरचा धागा. सी च्या समोर जी असतो आणि बायसल्फाइट त्याला स्पर्श करत नाही. समोरच्या धाग्यावर निम्म्या तुकड्यांत जी ऐवजी ए आढळला, तर तो अनुवंशिक भेद आहे, मिथिलीकरणाचा नव्हे. अशी जागा तुलनेतून काढून टाकावी लागते.

एकेका जागेऐवजी प्रदेश

डच अभ्यासात सुमारे १२ लाख सीपीजी जागांची माहिती हाती आली. प्रत्येक जागी पाच टक्के चुकीची मुभा ठेवून चाचणी केली, तर काहीही फरक नसतानाही सुमारे ६० हजार जागा 'वेगळ्या' निघतील. यावर एक मार्ग म्हणजे निकष कठोर करणे. दुसरा मार्ग जीवशास्त्रातूनच येतो. काही शे अक्षरांच्या पट्ट्यात शेजारच्या सीपीजी जागांचे मिथिलीकरण बहुधा एकत्रच वर-खाली होते. तेव्हा एकट्यादुकट्या जागेपेक्षा सलग अनेक जागा एकाच दिशेने सरकलेल्या असतील, तर ते अधिक विश्वासार्ह मानावे. अशा पट्ट्याला भिन्न-मिथिलीकृत प्रदेश म्हणतात.

प्रदेशाच्या सीमा मात्र निसर्ग आखून देत नाही. किमान किती जागा हव्यात, दोन जागांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल, फरक किती असावा, हे संशोधक ठरवतो. निकष थोडे बदलले की एकाचे दोन प्रदेश होतात किंवा दोघांचा एक. त्याहून मोठी गफलत म्हणजे ज्या माहितीतून सर्वांत फरक असलेले पट्टे निवडले, तीच माहिती वापरून ते पट्टे 'लक्षणीय' ठरवणे. यावर प्रामाणिक उपाय म्हणजे गटांची नावे मुद्दाम उलटसुलट करून पुन्हा तोच शोध घेणे. भावंडांच्या अभ्यासात प्रत्येक जोडीत 'ग्रस्त' आणि 'अग्रस्त' ही बिरुदे यादृच्छिकपणे अदलाबदल करावीत आणि असे हजार वेळा करून पाहावे. खोट्या बिरुदांनीही तेवढेच मोठे प्रदेश वारंवार सापडत असतील, तर खऱ्या बिरुदांनी सापडलेल्यांचे कौतुक करण्याचे कारण नाही. यानंतरही निवडक प्रदेश वेगळ्या तंत्राने पडताळावे लागतात. डच गटाने तशी पडताळणी केली. इन्सुलिनच्या ग्राहकाचे जनुक आणि मेदाम्लांच्या ज्वलनाशी संबंधित सीपीटी-१ए हे जनुक यांतील प्रदेश त्यात प्रामुख्याने पुढे आले. पहिल्यातील मिथिलीकरणाचा संबंध जन्मवेळच्या वजनाशी, तर दुसऱ्यातील मिथिलीकरणाचा रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलशी आढळला.

फरक खरा, पण कशाचा?

मोजमाप बिनचूक, गणित योग्य, प्रदेश पडताळलेला, असे सगळे जमले तरी अर्थ लावण्याचे काम उरतेच. रक्त ही एकजिनसी वस्तू नाही. त्यात न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट अशा अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येक प्रकाराची मिथिलीकरणाची ठेवण निराळी असते. समजा, एखाद्या प्रदेशात न्यूट्रोफिलांमध्ये ९० टक्के आणि लिम्फोसाइटांमध्ये २० टक्के मिथिलीकरण आहे. एका गटाच्या रक्तात न्यूट्रोफिल ६० टक्के असतील आणि उरलेले लिम्फोसाइट, तर सरासरी ६२ येईल. दुसऱ्या गटात न्यूट्रोफिल ६५ टक्के असतील, तर सरासरी ६५.५ होईल. साडेतीन टक्क्यांचा हा फरक आयजीएफ-२ मधील फरकापेक्षा मोठा आहे, आणि एकाही पेशीतील एकही खूण बदललेली नाही. साधा संसर्गही पेशींचे हे प्रमाण हलवू शकतो. म्हणून पेशींची मोजणी आधी करून ती हिशेबात धरावी लागते किंवा एकाच प्रकारच्या पेशी वेगळ्या काढून वाचाव्या लागतात. वाढत्या वयाचा मिथिलीकरणावर परिणाम पाहणाऱ्या रक्ताच्या अभ्यासांत हा गोंधळ किती खोलवर शिरला आहे, हे अँड्र्यू जॅफी आणि राफाएल इरिझारी यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

आणखी एक मर्यादा रसायनातच आहे. हायड्रॉक्सिमिथिल ही मिथिलचीच पुढची अवस्था बायसल्फाइटला वेगळी ओळखता येत नाही, दोन्ही सी म्हणूनच दिसतात. रक्तात ही अवस्था अल्प असल्याने फारसे बिघडत नाही. मेंदूच्या ऊतींत मात्र ती विपुल असते, म्हणून तेथील आकडे दोन वेगळ्या खुणांची बेरीज आहेत असेच वाचावे.

कार्यकारणाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. रक्तातील फरकावरून यकृतात किंवा स्वादुपिंडात काय घडले, हे थेट कळत नाही. कोलेस्टेरॉलशी आढळलेल्या संबंधातही कोणी कोणाला घडवले, हे एकदाच घेतलेल्या रक्तावरून ठरवता येत नाही. इतकेच काय, दुष्काळाने खुणा बदलल्या हे वाक्यही वाटते तेवढे निर्विवाद नाही. टोबी, हाइमन्स आणि सहकाऱ्यांनीच २०१८ मध्ये दुसरी शक्यता मांडली. गर्भावस्थेच्या आरंभी मिथिलीकरणात व्यक्तिगणिक योगायोगाने थोडीफार तफावत पडते. उपासमारीच्या काळात त्यांतील विशिष्ट ठेवण असलेले गर्भच अधिक प्रमाणात तगले असतील, तर साठ वर्षांनी जिवंत असलेल्यांची सरासरी भावंडांपेक्षा वेगळी दिसेल. मग एकाही गर्भाच्या खुणा उपासमारीने बदललेल्या नसतील. बायसल्फाइटच्या वाचनात या दोन्ही शक्यता अगदी एकसारख्याच उमटतात. जे गर्भ तगले नाहीत, त्यांचे रक्त कोणाकडेच नाही.